चाळीस दिवसांची चाकरी ते बारमाही पगार : फ्रान्सच्या फौजेवरील फलकांच्या नोंदी

६ जून

वाचनालयाच्या इतिहास मंडळासाठी भित्तीफलकांचा संच करायचा आहे. विषय ठरला होता ‘युरोपातली सरंजामी फौज जाऊन पगारी फौज कशी आली’. एवढा पसारा फलकांवर मावणार नाही, म्हणून आज विषयाला कात्री लावली. देश एकच, फ्रान्स. काळ १३३७ ते १४५३, म्हणजे इंग्लंडशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध. इटलीतली कंत्राटी पथकं आणि इंग्लंडचे करारनामे गरज पडेल तिथेच येतील.

फ्रान्स निवडायचं कारण असं, की इथे सगळी गोष्ट एकाच राज्यात घडते. जहागिरीच्या बदल्यात लढणारे सरदार आहेत, पैशासाठी लढणाऱ्या टोळ्या आहेत, आणि १४४५ साली शांततेतही पगार घेणारी राजाची फौज उभी राहते. मधल्या काळात एक प्रयोग जमतो आणि मोडतोही. तो का मोडला हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

शालेय पुस्तकांत याचं उत्तर बहुधा एका ओळीत असतं : लांब धनुष्य आलं, तोफ आली आणि चिलखती सरदार संपला. मला हे पटत नाही. १४४५च्या नव्या फौजेचा कणा पुन्हा घोड्यावरचा चिलखती स्वारच होता. बदलला तो त्याला पैसे देणारा हात, आणि ते पैसे कुठून येतात ती वाट. फलकांचा भर त्यावरच ठेवायचा.

१० जून

पहिल्या फलकाचा मजकूर लिहिला. राजा जमीन देतो आणि जमीन घेणारा ठरलेल्या संख्येने स्वार घेऊन हजर होतो. रूढ मुदत वर्षाला चाळीस दिवस. त्यापुढे थांबायचं तर खर्च राजाचा.

या व्यवस्थेची अडचण नकाशावर बोट ठेवलं की दिसते. उत्तरेकडच्या नॉर्मंडीतला सरदार नैर्ऋत्येकडच्या गॅस्कनीच्या सरहद्दीपर्यंत यायचा, तर त्याचे बरेचसे दिवस वाटेतच संपत. एखाद्या भक्कम किल्ल्याला वेढा घालून तो उपासमारीने पाडायला महिने लागतात. शेजाऱ्याच्या मुलखावर धाड घालून परतायला चाळीस दिवस पुरत. मुलूख जिंकून तिथे ठाणी बसवायची, तर ते शक्य नव्हतं.

दुसरी अडचण संख्येची. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन एका स्वाराच्या जमिनीचे तुकडे पडत गेले. अर्ध्या स्वाराची किंवा पाव स्वाराची चाकरी देणं असलेला माणूस रणात काय पाठवणार? त्याच्याकडून पैसेच घेतलेले बरे. इंग्लंडात ११५९ साली दुसऱ्या हेन्रीने तुलूझच्या मोहिमेसाठी चाकरीऐवजी स्वारामागे दोन मार्क घेतले आणि त्या पैशांतून भाडोत्री शिपाई ठेवले. याच इंग्लंडात १२७७ साली पहिल्या एडवर्डने वेल्सवर जाताना सरंजामी हाक दिली, तेव्हा हजेरीला २२८ नाइट, म्हणजे पूर्ण चिलखती सरदार-स्वार, आणि २९४ सार्जंट, म्हणजे हलक्या साजाचे स्वार, उभे राहिले. दोन सार्जंट म्हणजे एक नाइट असा हिशेब होता, म्हणजे सगळी मिळून ३७५ नाइटांची चाकरी. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या काळी हा आकडा सुमारे ५,००० धरला जाई.

फ्रान्सची आकडेवारी इतकी स्वच्छ नाही, म्हणून उदाहरणापुरतं इंग्लंड घेतलं. फ्रान्सच्या राजाची सार्वत्रिक हाक म्हणजे ‘आरिये-बाँ’. १३०२ साली कुर्त्रेच्या रणात फ्लँडर्समधल्या शहरवासीयांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांची कत्तल केली. त्यानंतर चौथा फिलिप ही हाक मुख्यतः पैसे गोळा करण्यासाठी वापरू लागला : स्वतः या, नाहीतर बदली रक्कम भरा.

१६ जून

दुसऱ्या फलकावरून मंडळात बराच वाद झाला. एकांचं म्हणणं असं, की ‘पगारी’ म्हटलं की परके, भाडोत्री लोक समजायचे. फ्रान्सपुरतं तसं नाही. १३३७ला युद्ध पेटलं तेव्हा राजाच्या बाजूने लढणारे फ्रेंच सरदारही रोजाने पैसे घेत होते. क्रेसीला (१३४६) आणि प्वातिएला (१३५६) हरलेली फौज बहुतांशी पगारीच होती. म्हणजे पगार आधी आला आणि खडी फौज शंभरेक वर्षांनी आली. हे अंतर फलकावर ठळक दिसायलाच हवं.

३० एप्रिल १३५१चा फ्रान्सचा राजा दुसरा जॉन याचा हुकूम मला फार बोलका वाटतो. त्यात रोजाचे दर दिले आहेत. स्वतःचं निशाण असलेल्या बड्या सरदाराला ४० सू ही फ्रेंच नाणी, नाइटला २०, त्याच्या खालच्या दर्जाच्या एस्क्वायरला १०. त्याचबरोबर आणखी एक अट : एकेकट्याने येऊन नाव नोंदवायचं नाही, निदान पंचवीस जणांची तुकडी करून या.

पण मला त्याहून रंगतदार वाटला तो हजेरीचा भाग. मंडळातले एक काका कोषागारातून निवृत्त झालेत. त्यांच्यापुढे हुकुमाचा सारांश ठेवला, तर वाचताच म्हणाले, “हे सगळं खोट्या हजेरीसाठी आहे.” अगदी बरोबर. पथकाचा नायक सांगणार माझ्याकडे साठ स्वार आहेत. प्रत्यक्षात चाळीस असतात. तपासणीच्या दिवशी तो शेजारच्या पथकातून वीस माणसं आणि वीस घोडी उसनी आणतो, आणि वीस जणांचा रोज खिशात घालतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक घोड्याचा रंग आणि खुणा कागदावर उतरवायच्या, घोडा डागायचा आणि तपासणी न कळवता अचानक करायची. माणूस नाव बदलून दोनदा उभा राहू शकतो, पण पांढऱ्या पायाचं डागलेलं घोडं दुसऱ्या पथकात पुन्हा दिसलं की चोरी पकडली जाते.

घोड्याची नोंद दुसऱ्याही कारणाने लागायची. हे स्वार आपल्याकडच्या शिलेदारासारखे, घोडा त्यांचा स्वतःचा. मोहिमेच्या सुरुवातीला किंमत ठरवून ठेवायची आणि घोडा चाकरीत मेला तर राजाने भरपाई द्यायची, असा रिवाज होता. किंमत फुगवून लिहून घ्यायची आणि मरतुकडं घोडं रणात न्यायचं, हाही धंदा चाले.

काकांनी या फलकाला चौकट सुचवली : डावीकडे हजेरीपटाची एक ओळ, उजवीकडे त्या ओळीत लबाडी कुठे होऊ शकते ते. तशीच करणार.

२२ जून

पगारी पथक किती महाग पडतं हे लोकांना आकड्यांत दिसावं म्हणून एक हिशेब मांडला. इंग्लंडचे दर पक्के माहीत आहेत, म्हणून तेच घेतले. १४१५ साली पाचव्या हेन्रीने फ्रान्सवर जायला सरदारांशी करारनामे केले. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी रेघेने कापायचं. एक अर्धा भाग राजाकडे, एक नायकाकडे. तंटा झाला तर दात जुळवून पाहायचे.

समजा एक नाइट, त्याच्याबरोबर नऊ चिलखती एस्क्वायर आणि तीस तिरंदाज. नाइटचा रोज २४ पेन्स, एस्क्वायरचा १२, तिरंदाजाचा ६. नाइटचे २४, एस्क्वायरांचे १०८, तिरंदाजांचे १८० मिळून दिवसाला ३१२ पेन्स. तिमाहीचे ९१ दिवस धरले तर २८,३९२ पेन्स. पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे ११८ पौंड ६ शिलिंग. हे चाळीस माणसांच्या एका लहान पथकाचे तीन महिने. अशी शेकडो पथकं होती. पहिल्या तिमाहीचा पैसा हेन्रीने कसाबसा जमवला. दुसऱ्या तिमाहीसाठी त्याने नायकांकडे राजघराण्याचे दागिने तारण ठेवले, आणि त्यातले कित्येक सोडवायला पुढे वर्षानुवर्षं लागली.

हा हिशेब फलकावर जायलाच हवा. अझिनकोर्ट जिंकणारा राजासुद्धा एका मोहिमेचा सहा महिन्यांचा पगार रोखीने देऊ शकत नव्हता. मग शांततेच्या काळात बारा महिने पगार देण्याचा विचार कोण करील?

३० जून

आजचा दिवस १३६०च्या फलकावर गेला. संचातला हा सगळ्यात महत्त्वाचा फलक, म्हणून मजकूर लांबला तरी लांबू दिला.

प्वातिएला राजा दुसरा जॉन इंग्रजांच्या कैदेत पडला. मे १३६०मध्ये ब्रेतिन्यीचा तह झाला. राजाची खंडणी ३० लाख सोन्याचे एक्यू ठरली : ६ लाख आधी, मग वर्षाला ४ लाख. दोन्हीकडची युद्धं थांबली. इंग्लंडच्या राजाने आपल्या ठाण्यांतल्या लोकांना किल्ले सोडायला सांगितलं, आणि हजारो शिपाई एका झटक्यात बेकार झाले.

त्यात इंग्रज होते, गॅस्कन होते, ब्रेतन, जर्मन, फ्रेंच सगळेच होते. वीस वर्षं युद्ध चाललेलं, त्यामुळे कित्येकांनी दुसरा उद्योग कधी केलाच नव्हता. घरी परतून काय करायचं? त्यांनी आपापले नायक निवडले, तुकड्या बांधल्या आणि ज्या धंद्यात मुरले होते तोच पुढे चालवला. फरक इतकाच, की आता कुठल्याच राजाचं नाव पुढे नव्हतं. गाव घेरायचं, ‘इतके पैसे आणि इतका दाणागोटा द्या, नाहीतर जाळतो’ असा निरोप धाडायचा, वसुली करायची आणि पुढच्या गावाकडे वळायचं. या टोळ्या म्हणजे नुसती झुंड नव्हती. त्यांच्यात पदं होती, लुटीची वाटणी लिहून ठेवणारे कारकून होते.

डिसेंबर १३६०च्या शेवटच्या आठवड्यात अशाच एका मोठ्या टोळीने रात्रीतून पाँ-सँ-एस्प्री हे गाव बळकावलं. हे गाव ऱ्होन नदीच्या पुलावर, आणि तिथून खाली आव्हिन्याँ, म्हणजे तेव्हाचं पोपचं राहण्याचं ठिकाण. राजाच्या खंडणीसाठी दक्षिणेत गोळा झालेला पैसा या वाटेने जाणार, ही कुणकुण त्यांना लागली होती. राजाला सोडवायचा कर आणि त्या तहामुळेच बेकार झालेले शिपाई, दोन्ही एकाच पुलावर येऊन भिडले. पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारून पाहिलं. लढायला आलेल्यांना पुण्य मिळणार होतं, पगार नव्हता, आणि त्यातले काही सरळ टोळ्यांना जाऊन मिळाले. शेवटी पैसे देऊन बऱ्याच जणांना इटलीकडे वळवावं लागलं. त्यांच्यात जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज होता. पुढे तीस वर्षं तो इटलीतल्या शहरांकडे कंत्राटावर लढला आणि १३९४ साली फ्लॉरेन्सच्या चाकरीत असताना वारला. तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीवर त्याचं घोड्यावरचं चित्र आजही आहे.

ज्या खेड्यांतून या टोळ्या गेल्या तिथल्या लोकांचं चित्र मात्र कुठल्याच भिंतीवर नाही. म्हणून या फलकाचा उजवा अर्धा भाग मी खेड्यांना दिला आहे : तटबंदी केलेली चर्चं, मनोऱ्यावर पाळीने बसणारा पहारेकरी, धूळ दिसली की घंटा, आणि पेरणी सोडून रानात पळणारी माणसं.

५ जुलै

भाचीने नकाशा काढून दिला. ऱ्होन आणि सोन या नद्या निळ्या, टोळ्यांच्या वाटा तांबड्या. लिआँच्या खाली ब्रिन्ये इथे तलवारीची खूण केली आहे.

ब्रिन्येला ६ एप्रिल १३६२ रोजी राजाच्या फौजेने टोळ्यांना गाठलं. सेनापती मार्शचा काउंट जाक द बूर्बाँ. टोळ्यांनी उलट राजाच्याच फौजेची धूळधाण केली. जाक आणि त्याचा मुलगा जखमांनी मेले, ताँकारव्हिलचा काउंट पकडला गेला. त्या काळचा फ्रेंच राजा सरंजामी सरदारांना हाक घालून जी फौज जमवू शकत होता, ती रोज एकत्र राहून लढणाऱ्या माणसांपुढे टिकली नाही.

दुसरा उपाय परदेशी पाठवण्याचा. १३६५–६६ला फ्रेंच सेनानी बेर्त्राँ द्यु गेक्लँने टोळ्या गोळा करून पिरेनीज पर्वत ओलांडला आणि त्या स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या भाऊबंदकीत उतरवल्या. वाटेत आव्हिन्याँला थांबून पोपकडून पैसा आणि पापमुक्ती, दोन्ही घेतली. पण याच लोकांतले ह्यू कॅल्व्हलीसारखे नायक वर्षभरात उलट बाजूने, इंग्लंडचा युवराज ‘ब्लॅक प्रिन्स’ याच्या चाकरीत नाहेराच्या रणात (३ एप्रिल १३६७) दिसतात. लढाई संपली, पगार थकला आणि टोळ्या पुन्हा फ्रान्समध्ये. नकाशावर तांबडी रेघ स्पेनला जाऊन परत येते. भाचीने विचारलं, “मग उपयोग काय झाला?” तिला सांगितलं, दोन वर्षं उसंत मिळाली.

१३ जुलै

दुसऱ्या जॉनचा मुलगा आणि पुढचा राजा पाचवा चार्ल्स याचा फलक. जमलेला आणि मोडलेला प्रयोग म्हणजे हाच.

खंडणीसाठी डिसेंबर १३६०मध्ये नवे कर बसले होते : विक्रीवर पौंडामागे, म्हणजे लिव्हरमागे १२ दनिये (शेकडा पाच), दारूवर वेगळा, आणि मिठावरचा गाबेल. राजाच्या सुटकेसाठी रयतेने कर देणं हा जुना रिवाज होता, त्यामुळे फारशी कुरकुर झाली नाही. खंडणी पुरती कधीच फिटली नाही, पण कर चालू राहिले. १३६३च्या अखेरीस आमियाँला भरलेल्या सभेने आणखी एक कर मंजूर केला, चुलीमागे सरासरी ३ फ्रँकचा ‘फुआज’. कारण उघड होतं. टोळ्यांपासून गावं राखायला ६,००० चिलखती स्वार ठेवायचे होते. गावांनी कर दिला, कारण टोळीला द्यावी लागणारी खंडणी त्याहून भारी पडत होती.

या पैशावर चार्ल्सने लहान पण कायमची फौज ठेवली. १३ जानेवारी १३७४च्या हुकुमाने स्वारांच्या शंभराच्या तुकड्या झाल्या, आणि नायकाला राजाचं नेमणूकपत्र असल्याशिवाय तुकडी बाळगता येईना. इंग्रजांनी मिळवलेला बराचसा मुलूख या फौजेने वर्षभर ठाणी धरून, वेढे घालून, मोठी लढाई टाळत परत घेतला. चाळीस दिवसांच्या चाकरीत हे कधीच झालं नसतं.

मग १६ सप्टेंबर १३८० उजाडला. मृत्युशय्येवर चार्ल्सला रयतेवर लादलेल्या ओझ्याची टोचणी लागली आणि त्याच दिवशी त्याने फुआज माफ केला. मागे वारस अकरा वर्षांचा. दुसरे कर पुन्हा बसवायला गेले तेव्हा १३८२ला पॅरिसमध्ये दंगा उसळला. नियमित उत्पन्न आटलं आणि फौजेचा सांगाडा विरघळला. १४१५ला अझिनकोर्टवर उभं राहिलेलं फ्रेंच सैन्य पुन्हा घाईघाईने जमवलेलं होतं.

माफ केला तो एक कर, पण त्या करावरच सैन्य उभं होतं. संपूर्ण संचाचं मर्म मला या एका तारखेत दिसतं. म्हणून ती तारीख फलकावर मोठ्या अक्षरांत घेतली.

२१ जुलै

१४३५चा आरासचा तह आणि १३६०ची पुनरावृत्ती. तोवर इंग्रजांच्या बाजूला असलेल्या बर्गंडीच्या ड्यूकशी समेट झाला, लढाईचं क्षेत्र आटलं आणि बेकार शिपाई पुन्हा रस्त्यावर. या वेळी लोकांनी त्यांना ‘एकोर्शर’ म्हटलं, म्हणजे कातडी सोलणारे, कारण अंगावरच्या सदऱ्यापर्यंत सगळं काढून घेत. कास्तीलचा रोद्रिगो द व्हियांद्रांदो, आंत्वान द शाबान, ला हिर हे त्यांचे नामांकित नायक. यातले काही राजाचेच नावाजलेले लढवय्ये. राजाला पगार देता येत नव्हता म्हणून ते रयतेकडून वसूल करत होते.

२ नोव्हेंबर १४३९ला ऑर्लेआँच्या सभेनंतर सातव्या चार्ल्सने हुकूम काढला. शिपाई ठेवण्याचा अधिकार फक्त राजाला. नायक राजाने नेमायचे आणि आपल्या माणसांच्या अत्याचारांची जबाबदारी नायकाची. सरदारांनी आपापल्या मुलखात स्वतःचा ‘ताय’ हा कर बसवायचा नाही.

शेवटचं कलम सरदारांना झोंबलं. १४४०ला बूर्बाँ आणि आलाँसाँचे ड्यूक बंडाला उठले. त्यांच्याबरोबर खुद्द युवराज लुई होता. बंड काही महिन्यांत मोडलं, पण हुकूम कागदावरच राहिला, कारण युद्ध चालू होतं आणि टोळ्या लागत होत्या.

१४४४ला इंग्रजांशी तूरचा तहनामा झाला. आता हे लोक कुठे ठेवायचे? तेच जुनं औषध काढलं, परदेशी धाडणं. युवराज लुई त्यांना घेऊन ऱ्हाइनकाठच्या बाझल शहराकडे गेला. २६ ऑगस्टला सेंट याकोब इथे सुमारे १,५०० स्विस पायदळ त्यांच्याशी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढलं. युवराजाने ते पाहून पुढे जायचा बेत सोडला.

२७ जुलै

१४४५चा फलक. इथे काय-काय कोणत्या क्रमाने केलं हे नीट सांगायला हवं, कारण हातोटी त्या क्रमातच आहे.

टोळ्यांना तोंडावर ‘विसर्जन’ म्हटलं असतं तर ब्रिन्ये पुन्हा झालं असतं. चार्ल्स आणि त्याचा सरसेनापती रिश्माँ यांनी आधी गुपचूप मोजके नायक निवडले. त्यांना सांगितलं, तुमची नोकरी कायम, पगार कायम, फक्त आपल्याकडचे उत्तम आणि शिस्तीचे लोक निवडा. हे लोक आत आले की बाहेर उरलेल्यांकडे ना नायक उरला, ना चांगले लढवय्ये. मग उरलेल्यांना जुन्या गुन्ह्यांची माफीपत्रं देऊन, जथ्याने न जाता आपापल्या गावी परतायला सांगितलं. ते गेले. टोळ्यांच्या पोटातूनच निवडलेली फौज समोर उभी असताना दुसरा मार्गही नव्हता.

नव्या फौजेचं माप ‘लांस’. एका लांसमध्ये एक चिलखती स्वार, त्याचा एक हत्यारी साथीदार, दोन तिरंदाज, एक पोऱ्या आणि एक नोकर. सहा माणसं, सहा घोडी, प्रत्यक्ष लढणारे चार. शंभर लांसची एक कंपनी आणि आरंभी पंधरा कंपन्या, म्हणजे १,५०० लांस. माणसं ९,००० आणि त्यातले लढणारे ६,०००. एवढ्या मोठ्या राज्याच्या मानाने ही फौज छोटी होती. लोक ‘राष्ट्रीय सेना’ म्हटल्यावर लाखाची कल्पना करतात, म्हणून आकडा मोठा छापायचा.

ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. छावणी एकच केली असती तर ती राजावरच उलटू शकली असती. मे १४४५च्या हुकुमाने कंपन्या फोडून गावोगावी वाटल्या, एका गावी थोडेच लांस, गावाने भांडण झाल्यास आवरता येतील इतकेच. सुरुवातीला गावाने धान्य, दारू, मांस, वैरण आणि जळण द्यायचं ठरलं. त्यातून रोजची भांडणं होऊ लागली : मेंढरू लहान, दारू आंबट, वैरण ओली. काही काळातच बहुतेक ठिकाणी वस्तूंऐवजी रोख रक्कम घ्यायला सुरुवात झाली. काकांना हा भाग फार आवडला. म्हणाले, “जिन्नस बंद करून रोख केली की अर्ध्या तक्रारी मिटतात आणि हिशेब तपासता येतो.”

३ ऑगस्ट

पैशाचा फलक. फौजेसाठीचा ताय १४३९नंतर दरवर्षी बसू लागला आणि उत्तर फ्रान्समध्ये राजाने त्यासाठी सभा बोलावणंच बंद केलं. दक्षिणेतल्या लाँगदोक आणि नॉर्मंडीच्या प्रांतिक सभा मात्र घासाघीस करत राहिल्या. सातव्या चार्ल्सच्या अखेरच्या वर्षांत ताय वर्षाला सुमारे १२ लाख लिव्हरपर्यंत गेला.

सरदारांनी हे कसं मान्य केलं? त्यांना ताय माफ होता. शिवाय लांसमधला चिलखती स्वार बहुधा सरदार घराण्यातलाच, त्यातही धाकट्या, कमी जमिनीच्या घरातला. जमिनीच्या बदल्यात चाळीस दिवस लढणाऱ्याच्या नातवाला आता बारा महिने पगार मिळू लागला, आणि तो भरणारा होता शेतकरी. हा सौदा मला मनापासून खुपतो. टोळ्यांच्या जाळपोळीतून शेतकरी सुटला हे खरंच मोठं सुख होतं, पण त्याची किंमत त्याने एकट्याने आणि कायमची मोजली. लिसियोचा बिशप तोमा बाझँ याने त्याच शतकात ही खडी फौज जुलमाचं साधन होईल असं बजावलं होतं. त्याचं मत फलकावर घेतलं आहे.

१० ऑगस्ट

शेवटचा फलक, मर्यादांचा.

१४४८ला चार्ल्सने पायदळाचा स्वस्त प्रयोग केला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक तिरंदाज द्यायचा. त्याने सुटीच्या दिवशी सराव करायचा. त्याला ताय माफ, आणि पगार मोहिमेवर असतानाच, महिना ४ लिव्हर. नॉर्मंडी परत घेताना (फॉर्मिन्यी, १४५०) आणि गॅस्कनीत (कास्तियाँ, १४५३) विजय मिळाले ते मुख्यतः पगारी कंपन्या आणि ब्यूरो बंधूंच्या तोफखान्यामुळे. गावचे तिरंदाज १४७९ला गिनगातच्या लढाईत निकामी ठरले, तेव्हा अकराव्या लुईने त्यांना मोडीत काढलं आणि सुमारे ६,००० स्विस भाड्याने घेतले. म्हणजे खडी फौज आल्यावर भाडोत्री संपले असं नाही. घोडदळ घरचं आणि पायदळ परकं, अशी विभागणी फ्रान्समध्ये पुढे कितीतरी काळ चालली.

इंग्लंडबद्दल एक परिच्छेद. तिथल्या राजाला संसदेने मंजूर केल्याशिवाय थेट कर बसवता येत नव्हता, म्हणून करारनामे मोहिमेपुरतेच राहिले. नॉर्मंडी गेल्यावर परतलेल्या शिपायांना सामावून घेणारी कंपनी तिथे नव्हती.

आणि सरंजामी हाक? ती रद्द कुणी केलीच नाही. आरिये-बाँ कायद्यात तशीच राहिली. १६७४ साली चौदाव्या लुईने ती पुन्हा दिली. सरहद्दीवर जमलेल्या सरदारांत ना कवायत होती ना शिस्त, आणि सेनापतींनी त्यांना लवकरच घरी पाठवून दिलं. हा मजकूर बसवून सगळे फलक आज छपाईला दिले.